भांड्यांच्या दुकानाचं जाहिरात-पंचांग

माझ्या मावसभावाचं तालुक्याच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान आहे. स्टील, पितळ, तांबं, कुकर, मिक्सर, शिवाय घेतलेल्या भांड्यावर मशीनने नाव घालून देण्याची सोय. २०२४ साली त्याने दिवाळीची पत्रकं १७ ऑक्टोबरला पेपरमधून वाटली होती. गर्दी चांगली झाली म्हणून त्याने वहीत तारीख लिहून ठेवली. २०२५ मध्ये तीच वही उघडून छापखान्याला सांगितलं आणि पत्रकं १६ ऑक्टोबरला घराघरांत पोचली. तारीख जवळपास तीच, पण २०२४ ची धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला होती आणि २०२५ ची १८ ऑक्टोबरला. पहिल्या वर्षी लोकांच्या हातात पत्रक बारा दिवस आधी आलं, दुसऱ्या वर्षी दोन दिवस आधी. तोवर ज्यांना कुकर घ्यायचा होता त्यांनी तो घेतला होता.

त्या पाडव्यानंतर मी चार दिवस त्याच्याकडे राहिले होते. त्याने वर्षभराच्या पावत्या माझ्यासमोर ओतल्या आणि म्हणाला, “ताई, खर्च तर होतोच. कशाचा काय उपयोग झाला ते तेवढं सांग.” सांगता येणार नव्हतं. पत्रकं, फ्लेक्स, रिक्षावरचा भोंगा, केबलवरची पट्टी, इन्स्टाग्रामवर पैसे भरून फिरवलेला व्हिडिओ, सगळं मिळून १ लाख २० हजार रुपये गेले होते. उलाढाल सुमारे ८० लाखांची, म्हणजे दीड टक्का. रक्कम अवाजवी नव्हती. पण त्यातला प्रत्येक खर्च कुणीतरी दुकानात येऊन मागितला म्हणून झालेला होता. केबलवाला आला, केबलला दिले. फ्लेक्सवाला आला, फ्लेक्सला दिले.

मग आम्ही वर्ष आखायला बसलो. त्याने जानेवारी ते डिसेंबर असे बारा चौकोन काढले, ते मी खोडायला लावले. भांड्यांच्या दुकानाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं, वह्यांची पूजा तेव्हाच होते. २२ ऑक्टोबर २०२५ चा पाडवा ते १० नोव्हेंबर २०२६ चा पाडवा हे अंतर ३८४ दिवसांचं निघालं, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ होता. म्हणजे १ लाख २० हजार बारा नव्हे, तेरा महिन्यांना पुरवायचे होते. हे आधी दिसलं नसतं तर शेवटी दिवाळीलाच पैसे कमी पडले असते.

तारखांऐवजी आम्ही आठवडे सणापासून उलटे मोजले. धनत्रयोदशीच्या आधीचा पहिला आठवडा, दुसरा, तिसरा, असं. काम त्या आठवड्याला बांधायचं आणि इंग्रजी तारीख त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहायची. पत्रक वाटायचं तिसऱ्या आठवड्यात, तर छापखान्याला मजकूर पाचव्यात. बाकीचे सण याच पद्धतीने मांडले. लग्नसराईचे पैसे १० मेच्या आत संपवायचे, कारण १७ मेपासून अधिक मास लागून लग्नं थांबणार होती. अधिक मासासाठी स्वतंत्र रक्कम ठेवली. जावयाला अनारशांबरोबर तांब्याचं ताट, पितळी निरांजन, समई असं वाण द्यायचा तो महिना, पण तो गेल्या वर्षीच्या वहीत सापडत नाही. त्यासाठी २०२३ च्या अधिक श्रावणाची, १८ जुलै ते १६ ऑगस्टची बिलं माळ्यावरून काढावी लागली.

रक्कम तीन कप्प्यांत गेली. ८४ हजार ठरलेल्या हंगामांना: दिवाळीला ३४, लग्नसराईला २०, संक्रांतीच्या वाणाला १२, अधिक मासाला १०, गणपती ते दसरा ८. उरलेल्यातले १८ हजार चाचणीला आणि १८ हजार राखीव. भावाला पहिला कप्पा लगेच पटला. “चाचणीला १८ हजार म्हणजे फेकलेच की,” असं तो म्हणाला, आणि ते पटवून द्यायला मला त्या चार दिवसांतले दोन लागले.

चाचणीचे आठवडे आधीच ठरवून टाकायचे, याला कारण आहे. हंगाम तापलेला असताना कुणीही चाचणी करत नाही, कारण त्या वेळी जे चाललंय ते चालू द्यावंसं वाटतं. हंगाम मंद असताना करत नाही, कारण गिऱ्हाईकच नाही तर पैसे कशाला घालायचे. अशी चाचणी कधीच होत नाही आणि दर दिवाळीला अंदाजानेच ३४ हजार जातात. म्हणून आम्ही प्रत्येकी पंधरा दिवसांचे सहा तुकडे आधीच कोरून ठेवले, प्रत्येकाला तीन हजार. प्रत्येक तुकडा एखाद्या मोठ्या हंगामाच्या किमान पाच-सहा आठवडे आधी येईल असा बसवला, म्हणजे निकाल हाती आल्यावर छापखान्याला मजकूर देता येतो. पहिला तुकडा २४ नोव्हेंबरपासून, संक्रांतीच्या आधी. शेवटचा श्रावणात, दिवाळीसाठी. तुकडा रिकामा सोडायला हरकत नाही, पण त्याचे पैसे दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत, एवढी अट घातली.

दुसरी अट, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या चाचणीत आम्हाला मजकूर तपासायचा होता. दोन पत्रकं केली, कागद तोच, आकार तोच, दुकानाचं नाव त्याच जागी. एकावर मोठ्या अक्षरांत ‘भांड्यावर नाव मोफत घालून मिळेल’, दुसऱ्यावर ‘जुनं पितळ मोडीत घाला, चांगला भाव मिळेल’. पत्रक घेऊन येणाऱ्यालाच ती सवलत. प्रत्येकी एक हजार छापली. एक पत्रक एका पेठेत आणि दुसरं दुसऱ्या पेठेत टाकलं असतं तर पत्रकांऐवजी पेठाच मोजल्या गेल्या असत्या. म्हणून आदल्या रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही तिघांनी, मी, भाऊ आणि भावजय, दोन्ही गठ्ठे समोर ठेवून एकाआड एक असा नवा गठ्ठा लावला. दोन हजार कागद. बोटांना शाई लागली होती आणि भावजय मध्येच मोजणी चुकली की नाणं वाजवून थांबवत होती. पहाटे तेच गठ्ठे पेपरवाल्या पोरांकडे गेले. त्यामुळे एकाच जिन्यातल्या शेजारच्या दोन घरांत दोन वेगळी पत्रकं पोचली.

परत आलेली पत्रकं मोजायची ही युक्ती जुनी आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातलेखकाने १९२३ मध्ये ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिलं, त्यात जाहिरातीला जोडलेली कूपनं मोजून मजकूर ठरवण्यावरच भर आहे. गिऱ्हाइकाला “कुठून कळलं?” असं विचारण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची. आम्ही विचारूनही पाहिलं. निम्मे लोक “असंच आलो” म्हणतात, आणि फ्लेक्स न लावलेल्या महिन्यातही चार जणांनी “फ्लेक्स बघितला” असं सांगितलं. लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना आठवत नाही.

पंधरा दिवसांत नाव घालून घ्यायला ४१ पत्रकं आली, मोडीसाठी २२. इथे थांबून एक हिशेब करावा लागतो, कारण छोट्या दुकानात आकडे लहान असतात आणि लहान आकडे नुसत्या योगायोगानेही हलतात. हिशेब साधा आहे. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, ते दुप्पट करा. दोन आकड्यांमधला फरक त्याहून मोठा असेल तरच तो खरा मानायचा. ४१ आणि २२ ची बेरीज ६३, वर्गमूळ जवळपास ८, दुप्पट १६. फरक १९ चा, म्हणजे नाव घालणं जिंकलं. दोन्ही पत्रकं सारख्याच संख्येने वाटलेली असली तरच हा हिशेब चालतो.

फेब्रुवारीतल्या चाचणीत हाच हिशेब उपयोगी पडला. त्या वेळी पत्रकाचा कागद बदलून पाहिला, एक साधा, एक गुळगुळीत जाड. साध्याची १८ परत आली, जाडाची २६. भाऊ म्हणाला, “बघ, जाड कागदाने जवळपास दीडपट लोक आणले.” बेरीज ४४, वर्गमूळ साडेसहाच्या थोडं वर, दुप्पट १३. फरक आठ. म्हणजे या दोन कागदांत काही फरक आहे असं म्हणायला आधार नव्हता, आणि जाड कागद तर दीडपट महाग होता. लग्नसराईची पत्रकं साध्या कागदावर छापली. चाचणी ‘निकाल नाही’ म्हणून संपली तरी तिने लगेच पैसे वाचवले.

अशा चाचणीतून काय कळत नाही तेही भावाला सांगून ठेवलं होतं. नोव्हेंबरात कोणता मजकूर जास्त ओढतो एवढंच कळतं, दिवाळीत किती लोक येतील ते कळत नाही. सुस्त आठवड्यातलं गिऱ्हाईक वेगळं असतं, त्याला वेळ असतो. म्हणून मजकुराची तुलना पुढच्या हंगामाला न्यायची, संख्या न्यायची नाही. शिवाय अधिक मासासाठी चाचणी नव्हतीच. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या महिन्यासाठी तालीम कुठे करणार? तिथे जुन्या बिलांवरच भागवावं लागलं.

एक गोष्ट फुकट असूनही चाचणीत ठेवावी लागली, ती व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी. एका यादीत २५६ च्या वर नंबर जात नाहीत आणि ज्याने दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. भावाला वाटत होतं आपण दोन यादींतून पाचशे लोकांना सांगतो. मग बिलाबरोबर “आमचा नंबर सेव्ह करा” अशी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली आणि ती चिठ्ठी हाच एका तुकड्याचा खर्च झाला.

आता राखीव रक्कम. १८ हजार नुसते बाजूला ठेवून उपयोग नसतो. गल्ल्यात पैसे आहेत हे माहीत असलं की केबलवाल्याला दोन हजार देताना हात अडत नाही. राखीवला कुलूप हवं आणि किल्ली कधी लावायची ते शांतपणे, आधीच लिहून ठेवावं लागतं. आमच्या कागदावर तीनच कारणं होती. पहिलं, काही बिघडलं: छपाई चुकली, फ्लेक्स फाटला, नगरपालिकेने परवानगी नसल्याने उतरवला. दुसरं, एखाद्या हंगामाची विक्री मागच्या वर्षीच्या त्याच उलट्या आठवड्यापेक्षा सलग दोन आठवडे वीस टक्क्यांनी कमी राहिली, आणि माल मात्र दुकानात पडून आहे. तिसरं, आधी कळणं शक्यच नव्हतं अशी संधी आली, जसं शेजारच्या गावातलं भांड्यांचं दुकान बंद झालं. एका वेळी सहा हजारांच्या वर काढायचे नाहीत, भाऊ आणि भावजय दोघांची सही लागेल, आणि मागितल्यावर एक रात्र जाऊ द्यायची. शिवाय दसऱ्याला राखीवमध्ये किमान आठ हजार असलेच पाहिजेत, कारण धनत्रयोदशीच्या आधीच्या दोन आठवड्यांत जे बिघडतं ते सुधारायला एरवी वेळही नसतो, पैसेही नसतात.

“माल मात्र पडून आहे” ही ओळ भावजयीने घालायला लावली. तिचं म्हणणं असं की विक्री कमी असेल आणि मालही संपलेला असेल, तर जाहिरात करून रिकाम्या फळ्या दाखवायला लोक बोलवायचे का? ती काउंटरवर बसते, तिला ते दिसत होतं. मला सुचलं नव्हतं.

पहिली किल्ली जानेवारीत लागली. वाणाच्या पत्रकांत दुकानाच्या फोन नंबरचा एक आकडा चुकला. छापखान्याने तो मजकूर तपासायला पाठवला होता आणि भावानेही नीट पाहिला नव्हता, म्हणजे भांडायला जागा नव्हती. पण वाणाच्या मोठ्या मागण्या फोनवरच येतात. हळदीकुंकवाला पन्नास सुवासिनी येणार असतील तर बाई आधी फोन करून “तीस रुपयांत काय येईल?” असं विचारते. चार हजार राखीवमधून काढून पत्रकं पुन्हा छापली. दोन सह्या झाल्या, एक रात्रही गेली, आणि त्या रात्रीत भावजयीने नवा मजकूर तीनदा वाचला.

दुसरी किल्ली मात्र लागली नाही. एप्रिलमध्ये केबलवाल्याने ‘फक्त आजच्यासाठी’ निम्म्या दरात पट्टी देऊ केली. भावाने कागद काढून तीन कारणं वाचून दाखवली. निम्मा दर त्या तीनांत बसत नव्हता. पूर्वी अशा खर्चाला नाही म्हणताना त्याला संकोच व्हायचा, कारण नाही म्हणणारा तो स्वतः असायचा. आता नाही म्हणणारा कागद होता.

राहिल्या आढाव्याच्या तारखा. वर्षभरात चारच ठेवल्या: ४ फेब्रुवारी, २४ जून, ३० सप्टेंबर आणि १८ नोव्हेंबर. सप्टेंबरची सोडून प्रत्येक तारीख हंगाम संपल्यावर आठ-दहा दिवसांनी, म्हणजे परत आलेली, बदलून दिलेली भांडी आणि उधारी हिशेबात येतात. सप्टेंबरची तारीख पितृपक्षात मुद्दाम टाकली. त्या पंधरवड्यात भांडी कुणी घेत नाही, दुकानात डोकं मोकळं असतं, आणि धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला म्हणजे छापखान्याकडे जायच्या वेळेच्या थोडं आधीच निर्णय होतो. दोन आढाव्यांच्या मध्ये चालू जाहिरात बदलायची नाही, मजकुरात चूक असेल तेवढीच दुरुस्त करायची. पहिले तीन दिवस फोन आले नाहीत म्हणून पत्रक बदललं, चौथ्या दिवशी आले म्हणून पुन्हा जुनं आणलं, असं केलं की शेवटी कशाचाच हिशेब लागत नाही.

४ फेब्रुवारीला काउंटरमागच्या खोलीत पहिला आढावा झाला. भाऊ उदास होता. वाणाची विक्री २०२५ मध्ये ३ लाख १० हजारांची झाली होती, या वेळी २ लाख ८० हजारांची. “नाव मोफत घालूनसुद्धा पडलं,” तो म्हणाला. मी पंचांग उघडलं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. २०२५ ची रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, २०२६ ची २५ जानेवारीला. १ जानेवारीपासून मोजलं तर मागच्या वर्षी वाणाला ३५ दिवस मिळाले होते, या वर्षी २५. दहा दिवस कमी मिळूनही विक्री फक्त तीस हजारांनी घटली होती.

त्यावर तो लगेच खुलला, तेव्हा त्यालाही मला अडवावं लागलं. दिवसाला सरासरी विक्री वाढली हे खरं, पण ती जाहिरातीमुळेच वाढली असं म्हणता येत नव्हतं. हळदीकुंकू करणाऱ्या घरांची संख्या दिवस कमी झाले म्हणून कमी होत नाही, तेवढ्याच बायका थोड्या दिवसांत येतात. मग विक्रीऐवजी आम्ही नफ्याकडे वळलो. दुकानाचा सरासरी नफा वीस टक्के. म्हणजे जाहिरातीचा एक रुपया भरून निघायला त्या जाहिरातीमुळे आलेली, एरवी न झालेली पाच रुपयांची विक्री लागते. १२ हजार आणि राखीवमधले ४ हजार मिळून १६ हजार खर्च झाला, तो भरून निघायला ८० हजारांची जास्तीची विक्री हवी. पत्रक घेऊन आलेल्यांची बिलं भावजयीने कोपऱ्यात खूण करून वेगळी ठेवली होती. त्यांची बेरीज ९४ हजार झाली. त्यातले काही जण पत्रक नसतं तरी आले असते, त्यामुळे ९४ हजार ही वरची मर्यादा. खर्च निघाला असेल किंवा जेमतेम निघाला नसेल, याहून पक्कं बोलायला आधार नव्हता, आणि वहीत तसंच लिहिलं.

प्रत्येक आढाव्याच्या शेवटी तीनपैकी एक शब्द लिहायचा असं ठरलं होतं: चालू, बंद, बदल. वाणापुढे ‘बदल’ लिहिलं. पत्रक तेच राहणार, पण खर्च रथसप्तमीच्या तारखेप्रमाणे पसरायचा. २०२७ ची रथसप्तमी १३ फेब्रुवारीला आहे, म्हणजे १ जानेवारीपासून ४४ दिवस. त्या वर्षी १२ हजार एकाच वेळी न घालता निम्मी पत्रकं संक्रांतीच्या आधी आणि निम्मी २५ जानेवारीनंतर टाकायची. दुसऱ्या गठ्ठ्याची पत्रकं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापायची, म्हणजे काउंटरवर खूण करताना भावजयीला तारीख विचारावी लागणार नाही.